सकाळी भरती, संध्याकाळी सुट्टी : केमोच्या प्रत्येक डोसाचे कागद

बचत गटाच्या बैठकांमधून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. घरातल्या एखाद्या बाईला कॅन्सर निघतो, ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून फुकट होते, आणि मग केमो सुरू झाल्यावर दर वेळी पुन्हा कागद मागतात. "एकदा दिले होते ना सगळे? मग परत कशाला?" असे घरच्यांना वाटते. कोणी कंटाळून पैसे भरून मोकळे होतात, कोणी डोस पुढे ढकलतात. या वेळच्या बोलण्यात आपण एवढाच एक विषय घेऊ: केमोचे आणि शेकाचे कागद दर वेळी का लागतात, आणि ते कसे तयार ठेवायचे.

आधी योजनेबद्दल थोडक्यात. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर आली. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. पूर्वी पिवळे आणि केशरी रेशनकार्ड हीच मुख्य अट होती. आपला वर्धा जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून लाभ मिळत असे. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हे ५ लाख एका माणसाचे नाहीत, सगळ्या कुटुंबाचे मिळून आहेत. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

समुद्रपूर तालुक्यातल्या बायका कॅन्सरच्या उपचाराला बहुधा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात किंवा नागपूरला जातात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. त्यांचे टेबल कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचे. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की आधी तिकडे जायचे, पैसे भरायच्या खिडकीवर नाही. कारण ही योजना रोख परत देणारी नाही. नोंदणी न करता तुम्ही खिडकीवर भरलेले पैसे नंतर बिल दाखवून परत मिळत नाहीत.

दिवसभराचा उपचार म्हणजे भरतीच

केमोच्या दिवशी बाई सकाळी जाते. रक्ताचा रिपोर्ट बघतात, सलाईनमधून औषध देतात, आणि संध्याकाळी ती घरी येते. रात्र रुग्णालयात काढलेली नसते, म्हणून घरच्यांना वाटते की ही ओपीडीच झाली. कागदावर मात्र ती ओपीडी नाही. तिला 'डे केअर' म्हणतात. जो उपचार पूर्वी रात्रभर ठेवूनच द्यावा लागला असता, पण आता नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत संपतो, तो डे केअर. केमो, शेक आणि डायलिसिस हे त्यात येतात. नुसते डॉक्टरांना दाखवणे आणि गोळ्या लिहून आणणे, हे त्यात येत नाही.

हा फरक शब्दांचा नाही, पैशांचा आहे. डे केअर म्हटले की ती भरती होते. भरती झाली की भरतीचा नंबर पडतो, केसपेपर तयार होतो आणि शेवटी सुट्टीचे कार्ड मिळायला हवे. म्हणून संध्याकाळी बस चुकेल या घाईत सुट्टीचे कार्ड न घेता निघू नका. त्या कार्डाशिवाय तो डोस झाला हे पुढच्या डॉक्टरांना कळत नाही, आणि रुग्णालयाचा दावाही अडतो.

एक डोस, एक मंजुरी, एक दावा

आता मूळ प्रश्न: दर वेळी कागद का? ऑपरेशनचे पॅकेज एकदाच असते. केमोचे पॅकेज मात्र एका डोसाचे, म्हणजे एका सायकलचे असते. प्रत्येक सायकलला रुग्णालय योजनेकडे पूर्वमंजुरी मागते, औषध दिल्यावर दावा पाठवते आणि पैसे रुग्णालयाला मिळतात. आठ सायकल असतील तर आठ मंजुऱ्या आणि आठ दावे. मंजुरी तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बाई नसते, फक्त कागद असतात. या बाईला हाच आजार आहे का, हेच औषध ठरले होते का, हा कितवा डोस आहे, आणि आज तिचे शरीर औषध झेलू शकते का, एवढे त्यांना कागदांवरून कळायला हवे.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, गिरडच्या बाजूच्या एक ताई आहेत, वय ४६. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे. डॉक्टरांनी आठ केमो सांगितले, दर २१ दिवसांनी एक. पहिले चार एका औषधजोडीचे, नंतरचे चार दुसऱ्या औषधाचे. त्यानंतर शेक. अशी योजना या आजारात नेहमीची आहे.

ताईंची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५४ किलो आहे. केमोचे औषध नुसत्या वजनावर ठरत नाही. उंची आणि वजन मिळून शरीराच्या पृष्ठभागाचे माप काढतात. ताईंचे माप दीड चौरस मीटर येते. पहिल्या जोडीतले लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम या हिशेबाने ९० मिलिग्रॅम होते. दुसरे, सायक्लोफॉस्फामाइड, ६०० च्या हिशेबाने ९०० मिलिग्रॅम. हे सगळे 'केमो चार्ट' नावाच्या कागदावर लिहिलेले असते: त्या दिवसाची उंची, वजन, माप, औषध, मात्रा, वेळ आणि सही. म्हणून दर डोसाला पुन्हा वजन करतात. वजन बरेच उतरले असेल तर मात्रा बदलते, आणि चार्टवर जुने वजन राहिले तर दाव्यात प्रश्न निघतो. औषधाच्या कुप्यांवरची स्टिकरेही केसपेपरला लावलेली असतात. कोणते औषध, किती आणि कोणत्या बॅचचे दिले, याचा तो पुरावा.

एकदाचे कागद आणि दर वेळचे कागद

ताईंच्या कागदांच्या आम्ही दोन पिशव्या करायला सांगू. पहिल्या पिशवीत कधीच न बदलणारे कागद. रेशनकार्ड आणि आधार, आयुष्मान कार्ड काढले असेल तर तेही. बायोप्सीचा रिपोर्ट, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर आहे असे सांगणारा कागद. हा सगळ्यांत मोलाचा, कारण याच्याशिवाय एकही डोस मंजूर होत नाही. स्तनाच्या गाठीत आणखी एक तपासणी करतात, तिचा वेगळा रिपोर्ट असतो. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशी नावे दिसतील. काही महागडी औषधे या रिपोर्टावरच मिळतात किंवा नाकारली जातात. मग ऑपरेशनचे सुट्टीचे कार्ड. डॉक्टरांनी किती डोस, कोणते औषध आणि किती दिवसांनी द्यायचे हे लिहून दिलेला उपचाराचा आराखडा. आणि लाल औषध सुरू करण्याआधी काढलेला हृदयाचा टू-डी इको, कारण त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. या पिशवीतले मूळ कागद घरी ठेवा आणि झेरॉक्सचे दोन-तीन संच करून ठेवा.

दुसऱ्या पिशवीत त्या डोसाचे कागद. मागच्या वेळचे सुट्टीचे कार्ड. डोसाच्या एक-दोन दिवस आधीचा रक्ताचा रिपोर्ट, त्यात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, आणि किडनी-लिव्हरच्या तपासण्या. आणि आजची डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर 'आठपैकी तिसरा' असा स्पष्ट आकडा. हा आकडा लहान दिसतो, पण घोटाळा इथेच होतो. चिठ्ठीवर नुसते 'केमो' लिहिले आणि मागच्या कार्डावर आकडा नसला, तर हा तिसरा की चौथा, हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि मंजुरी प्रश्न विचारून परत येते. डॉक्टरांना विनंती करा, "आकडा लिहून द्या."

तारीख हुकली तर

२१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून सगळे नीट चालले तर वार बदलत नाही. ताईंचा पहिला डोस सोमवारी ६ जानेवारीला झाला, तर दुसरा २७ जानेवारीला आणि तिसरा १७ फेब्रुवारीला. पण समजा, १७ तारखेला रक्तात पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. डॉक्टर त्या दिवशी औषध देत नाहीत. आठ दिवसांनी, २४ फेब्रुवारीला बोलावतात. हे वाईट चिन्ह नाही, अशी सुट्टी पुष्कळ जणींना मिळते.

कागदात मात्र दोन गोष्टी करायच्या. एक, आरोग्यमित्रांच्या टेबलावर जाऊन सांगायचे की आजचा डोस झाला नाही. १७ तारखेची मंजुरी आली असेल तर ती तशीच पडून राहू नये, नव्या तारखेप्रमाणे तिचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. दोन, डोस का पुढे गेला हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यायचे, आणि कमी पेशींचा तो रिपोर्ट फेकून न देता पिशवीत ठेवायचा. दोन डोसांत २८ दिवस का गेले, हे पुढे कोणी विचारले तर उत्तर तोच रिपोर्ट देतो. इथून पुढच्या सगळ्या तारखा एक आठवडा सरकतात. चौथा डोस १७ मार्चला आणि आठवा ९ जूनला. घरी कॅलेंडरवर नव्याने खुणा करून घ्या.

औषध मध्येच बदलले तरी असेच. पाचव्या डोसापासून औषध बदलणार हे आराखड्यात आधीच लिहिलेले असेल तर अडचण येत नाही. पण आजार वाढला म्हणून किंवा औषध सोसले नाही म्हणून डॉक्टरांनी नवीन औषध ठरवले, तर नव्या आराखड्याचा कागद, बदलाचे कारण आणि असल्यास नवा स्कॅन, एवढे जोडून नवी मंजुरी लागते. ती यायला वेळ लागू शकतो. म्हणून बदल ठरला त्याच दिवशी कागद आरोग्यमित्रांकडे द्या, डोसाच्या सकाळपर्यंत थांबू नका.

रुग्णालय बदलायचे असेल, समजा नागपूरहून सेवाग्रामला यायचे असेल, तर जुन्या ठिकाणाहून दिलेल्या प्रत्येक डोसाची तारीख आणि मात्रा लिहिलेला सारांश घ्या. लाल औषधाला आयुष्यभराची एक मर्यादा असते. आधी किती दिले हे कळल्याशिवाय नवा डॉक्टर ते देऊ शकत नाही.

आणखी एक, हे जिवाचे आहे. केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत पेशी सगळ्यांत कमी असतात. त्या दिवसांत १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. लगेच रुग्णालयात जायचे आणि "केमो चालू आहे" हे पहिले वाक्य सांगायचे. ही केमोची भरती नव्हे, वेगळी भरती असते. तातडीच्या वेळी योजनेत फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद नंतर जोडता येतात. कागदासाठी थांबू नका.

शेकाचे कागद

शेकाचा हिशेब केमोसारखा नाही. शेक रोज थोडा थोडा देतात, सोमवार ते शुक्रवार. ताईंसारख्या आजारात बहुधा १५ शेक तीन आठवड्यांत किंवा २५ शेक पाच आठवड्यांत होतात. मंजुरी मात्र रोज नवी मागत नाहीत, सगळ्या कोर्सची मिळून घेतात. आधी सीटी स्कॅनवर माप घेऊन कातडीवर खुणा करतात, मग मशीनचा आराखडा बनतो. त्यात काही दिवस जातात. मंजुरीचे कागद याच दिवसांत पुरे करायचे. खुणा घासून धुवायच्या नाहीत.

रोजच्या शेकाची नोंद एका कार्डावर होते: तारीख, कितवा शेक, सही. मधले दोन दिवस मशीन बंद पडले किंवा ताई आजारी पडल्या, तर शेक पुढे जातो, आकडा तोच राहतो. शेवटी 'कोर्स पूर्ण झाला' असा सारांश मिळतो. त्यात ठरलेले किती आणि प्रत्यक्ष दिलेले किती, हे लिहिलेले हवे. १५ पैकी ११ झाल्यावर बाई येणे बंद झाली, तर कागदावर ११ च दिसतात आणि पुन्हा सुरू करताना अडचण होते. उपचाराचे नुकसान तर त्याहून मोठे. म्हणून रोजच्या जाण्या-येण्याची सोय शेक सुरू होण्याआधी करा. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहेच. एसटी आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णांना वेगळीही सवलत आहे, तिला रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्याच आठवड्यात तो मागून ठेवा.

अडते कुठे?

नावात अडते. रेशनकार्डावर सासरचे नाव, आधारवर माहेरचे, आणि बायोप्सीच्या रिपोर्टावर घरात हाक मारतात ते. तीन कागदांवर तीन बायका दिसतात. तपासणी करायला देतानाच आधारवरचे नाव सांगा. रेशनकार्डात दुरुस्ती हवी असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात अर्ज द्यावा लागतो. ते काम दोन डोसांच्या मधल्या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

शिलकीत अडते. ५ लाख सगळ्या घराचे, हे आपण म्हटले. ऑपरेशन, आठ केमो, शेक, आणि त्याच वर्षी सासऱ्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले तर सगळे एकाच थैलीतून जाते. दोन-तीन डोसांनंतर आरोग्यमित्रांना विचारत राहा, "आमच्या कार्डावर किती शिल्लक आहे, आणि योजनेचे वर्ष कधी संपते?" ते वर्ष जानेवारीतच सुरू होते असे धरू नका.

गोळ्यांत अडते. घरी खायच्या गोळ्या म्हणजे भरती नव्हे. त्या योजनेत बसतात का, हे प्रत्येक औषधाला वेगळे असते. चिठ्ठी मिळताच विचारा, मेडिकलमधून घेतल्यावर नाही.

आणि सहीत अडते. सुट्टीच्या वेळी कागदांवर सही किंवा अंगठा घेतात. कोऱ्या कागदावर देऊ नका. कितवा डोस, कोणती तारीख, हे वाचून किंवा वाचवून घेऊन मगच द्या. योजनेच्या पॅकेजमध्ये औषध, तपासण्या, जेवण आणि घरी परतीचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. ते भाडे मिळाल्याची सही ते मिळाल्यावरच करा.

घरात खासगी विमा असेल तर

काही घरांत मुलाच्या कंपनीचा किंवा बँकेतून घेतलेला विमा असतो. साध्या विम्यात २४ तास भरतीची अट असते, पण केमो, शेक आणि डायलिसिस यांना ती लागत नाही, कारण ते डे केअर. 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळते. तिच्यात तोंडाने घ्यायच्या केमोला विम्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंतच मर्यादा आहे. स्वतः पैसे भरले असतील तर सुट्टी झाल्यापासून ३० दिवसांत दावा द्यायचा. आठ डोस संपल्यावर एकदम सगळी बिले देऊ असे म्हटले, तर पहिल्या डोसांची मुदत केव्हाच गेलेली असते. डोस झाला की त्याचा दावा. मूळ बिले पहिल्या दाव्यातच जातात, म्हणून द्यायच्या आधी सगळ्यांची झेरॉक्स काढा, आणि पुढच्या अर्जावर मागच्या दाव्याचा नंबर लिहा. योजनेतून फुकट झालेल्या डोसाचे बिल विम्याला लावता येत नाही.

कुठे पैसे मागितले किंवा मंजुरी अडली, तर आधी आरोग्यमित्र, मग रुग्णालयातले योजनेचे डॉक्टर, मग योजनेचे जिल्हा समन्वयक, या क्रमाने जा. फोन करायचा तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन करताना रेशनकार्डाचा नंबर, भरतीचा नंबर आणि कितवा डोस अडला आहे ते समोर ठेवा. "आमचे काम होत नाही" म्हटले तर कोणाला काही कळत नाही. "आठपैकी पाचवा डोस, आज सकाळी भरती, मंजुरी आली नाही," असे म्हटले की पुढचा प्रश्न नेमका विचारला जातो.

तुमच्या गटात कोणाचे केमो चालू असतील, तर एका वहीत चार रकाने आखून द्या: डोसाचा आकडा, तारीख, रक्ताचा रिपोर्ट मिळाला का, सुट्टीचे कार्ड मिळाले का. औषधाने मळमळ होत असताना त्या बाईला हे सांभाळणे जड जाते. वही सोबत जाणाऱ्या बाईच्या हाती असू द्या.